दाखला माहेरच्या नावाचा, ठेव सासरच्या नावाची
(शाळा सोडल्याचा दाखला एवढाच वयाचा पुरावा असेल, तर बँकेत ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर कसा मिळवायचा)



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपवून मी निघाले होते. तेवढ्यात एक मावशी मागून आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी पडून पडून चिरत आलेला एक कागद. म्हणाल्या, "पोरी, बँकेतला साहेब म्हणतो तुमचं वय बसत नाही. आता केस पिकले, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी वय बसंना म्हणजे काय?"

तो कागद म्हणजे त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी पास. जन्मतारीख १ जून १९६३, म्हणजे वय ६२ पूर्ण. आणि आधार कार्डावर ०१/०१/१९६९, म्हणजे वय ५६. माहेरच्या जमिनीतल्या वाट्याचे दोन लाख रुपये मावशींना मिळाले होते आणि ते त्यांना मुदत ठेवीत टाकायचे होते. बँकेच्या फलकावर लिहिलेलं होतं, साठीच्या पुढच्यांना अर्धा टक्का जादा. पण बँकेने त्यांना साधाच दर सांगितला.

मावशींचं काम शेवटी झालं. पण त्याला सव्वा महिना लागला आणि आम्ही दोघींनी दोन चुका केल्या. त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

अर्धा टक्का म्हणजे नेमके किती रुपये?

बँकेच्या भाषेत ६० वर्षं पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक. बहुतेक बँका अशा ठेवीदाराला साधारण अर्धा टक्का जादा व्याज देतात. दर बँकेगणिक आणि मुदतीगणिक वेगळा असतो, म्हणून शाखेतला फलक बघायचा.

मावशींच्या शाखेत त्या दिवशी साधा दर ७ टक्के आणि ज्येष्ठांचा ७.५० टक्के होता. त्यांना व्याज दर तीन महिन्यांनी हातात हवं होतं, कारण त्यातून औषधं आणायची होती. दोन लाखांवर ७ टक्क्याने वर्षाला १४,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ३,५०० रुपये. ७.५० टक्क्याने वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे तिमाहीला ३,७५०. फरक वर्षाला १,००० रुपयांचा. पाच वर्षांच्या ठेवीवर ५,००० रुपये. मावशींनी लगेच हिशोब केला, "म्हणजे बीपीच्या गोळ्या व्याजात निघाल्या की."

बँक दोन वेगळे प्रश्न विचारते

आमची पहिली चूक इथे झाली. आम्ही दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हा घ्या वयाचा पुरावा. बँकेने तो परत दिला. आम्हाला वाटलं, दाखला चालत नाही. खरं कारण वेगळं होतं.

बँकेला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. पहिली, तुम्ही कोण? यालाच केवायसी म्हणतात. त्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशी ठरावीक कागदपत्रं चालतात. शाळेचा दाखला या यादीत नाही. त्यावर फोटो नाही, पत्ता नाही. त्यामुळे फक्त दाखला घेऊन गेलात तर ओळख पटत नाही.

दुसरी गोष्ट, तुमचं वय किती? दाखला या प्रश्नाचं उत्तर देतो. पण त्यासाठी दाखल्यावरची मुलगी आणि समोर बसलेली मावशी एकच आहे, हे बँकेला दिसलं पाहिजे. दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासबुकावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. काहीजणींचं तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. मग तीन शब्दांतला एकही शब्द जुळत नाही. साहेबाने कशावरून मानायचं की ही तीच?

म्हणून दाखला एकटा न्यायचा नाही. तीन कागद एकत्र न्यायचे: ओळखीसाठी आधार किंवा मतदार कार्ड, वयासाठी दाखला, आणि या दोघांना जोडणारा एक कागद. माझ्या अनुभवात काम अडतं ते या तिसऱ्या कागदावर.

जोडणारा कागद कोणता?

रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांत नाव बदलल्यावर काय चालतं ते लिहिलेलं आहे. राज्य शासनाचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र. हे दोनपैकी एक सोबत असेल तर जुन्या नावाचं ओळखपत्रही मान्य होतं. नियम ओळखपत्रांसाठी आहे, पण दाखल्यावरचं नाव जोडायलाही बँका हेच दोन कागद मागतात.

विवाह नोंदणी प्रमाणपत्र गावातच मिळतं. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, तेच गावात विवाह निबंधक असतात. लग्न चाळीस वर्षांपूर्वी झालेलं असलं तरी उशिरा नोंद करता येते, थोडी जादा फी पडते. दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका किंवा ती नसेल तर प्रतिज्ञापत्र, आणि तीन साक्षीदार लागतात. अर्जात एक रकाना असतो, वधूचं लग्नापूर्वीचं नाव. तो दाखल्यावर आहे तसाच, काना-मात्रेसकट भरून घ्या. मावशींच्या दाखल्यावर आडनाव एका पद्धतीने लिहिलेलं आणि त्यांच्या भावाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या पद्धतीने. आम्ही दाखल्याप्रमाणे लिहून घेतलं, कारण तो बँकेत दाखवायचा होता.

नवरा वारलेला असेल तर दोघांच्या सह्या होऊ शकत नाहीत. लग्नाच्या वेळी दाखल्याप्रमाणे वय अठराच्या आत भरत असेल, तरीही नोंदणीत प्रश्न निघतो. आपल्या पिढ्यांत अशा बऱ्याच मावश्या आहेत. त्यांच्यासाठी राजपत्राचा रस्ता आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात 'जुनं नाव – नवीन नाव' अशी जाहिरात छापून येते. अर्ज ऑनलाइन होतो, महा ई-सेवा केंद्रातून भरून घेता येतो. छापून आलेल्या पानाची प्रत जपून ठेवायची. ती पुढे वारसनोंदीला, विम्याला, सगळीकडे कामी येते.

साध्या स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र काही शाखा घेतात, काही घेत नाहीत. आधी शाखेत विचारा, मगच पैसे घाला.

दाखला कसा असावा?

दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र असेल तर बँक फारशी चौकशी करत नाही. चौथी-सातवीच्या दाखल्याकडे मात्र जरा संशयाने बघितलं जातं, कारण तो कोरा छापील फॉर्म भरून कोणीही बनवू शकतो. त्यामुळे आपला दाखला खरा आहे हे दाखल्यावरच दिसलं पाहिजे.

चार गोष्टी बघा. जनरल रजिस्टरचा नंबर आहे का? जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही आहे का, आणि दोन्ही जुळतात का? मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का वाचता येतो का? तारखेवर खाडाखोड आहे का? खाडाखोड असेल तर बँक दाखला बाजूला ठेवते आणि तिचं चुकतही नाही.

मावशींच्या दाखल्याची घडी नेमकी तारखेवर पडली होती. "१ जून" वाचता येत होतं, सालातला सहाचा आकडा विरला होता. आम्ही त्यांच्या माहेरच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्यात मावशींचं नाव सापडलं. बाजूला वडिलांचा अंगठा. मावशी कितीतरी वेळ त्या अंगठ्यावर बोट ठेवून होत्या. मुख्याध्यापकांनी अर्ज घेऊन दाखल्याची दुय्यम प्रत दिली आणि रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा सही-शिक्क्यासह दिला. बँकेत सगळ्यात जास्त उपयोग या उताऱ्याचा झाला, कारण तो मूळ नोंदीवरून काढलेला असतो.

शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली असेल, तर रजिस्टर कुठे आहे ते केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा.

अनेकींच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख दिसेल. शाळा जूनमध्ये भरायची, जन्माची नोंद नसायची, गुरुजी अंदाजाने साल धरून १ जून लिहायचे. तारीख अंदाजाची असली तरी शाळेच्या रजिस्टरला आहे, म्हणून ती नोंद धरली जाते. "गुरुजींनी वय कमी लावलंय, वाढवून द्या," असं शाळेत म्हणू नका. मुख्याध्यापकांना मनाने रजिस्टर बदलता येत नाही. आणि कोणी एजंट पैसे घेऊन नवीन तारखेचा दाखला आणून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खोट्या दाखल्यात गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

मग आधारवरच्या तारखेचं काय?

बँकेत खातं उघडताना आधारवरची तारीख संगणकात जाते. ठेव करताना दर संगणकच ठरवतो. समोरच्या कर्मचाऱ्याला तुमचे पांढरे केस दिसत असले तरी संगणकाला १९६९ दिसत असतं. म्हणून ठेवीच्या अर्जावर 'ज्येष्ठ नागरिक' अशी खूण करून भागत नाही. आधी बँकेच्या ग्राहक नोंदीतली जन्मतारीख बदलून घ्यावी लागते. त्यासाठी माहिती दुरुस्तीचा वेगळा अर्ज असतो.

यावर बँक म्हणते, "आधारवर वेगळी तारीख आहे, आधी आधार बदला." इथे शांतपणे दोन गोष्टी सांगता येतात. एक, आधार चालवणाऱ्या प्राधिकरणानेच २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. नवीन काढलेल्या आधारच्या कागदावर तसं छापलेलंही असतं. दोन, ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात मृताचं वय आधारवरून न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलं. तो निकाल अपघाताच्या भरपाईचा आहे, बँकेच्या व्याजाचा नाही. त्यामुळे तो दाखवला की बँकेला ऐकावंच लागेल असं नाही. पण दाखल्याला वजन आहे, हे शाखाधिकाऱ्यांना पटवायला तो कामी येतो.

तरीही शाखा आधार दुरुस्तीवरच अडून राहिली, तर घाईने आधार केंद्रावर पळू नका. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. आधी केंद्रावर जन्मतारखेसाठी सध्या कोणती कागदपत्रं चालतात ती यादी बघा, आपला कागद त्यात बसतो का ते विचारा, आणि पावतीवर तारीख बरोबर टाइप झाली का ते तिथेच वाचून घ्या. चुकीचा आकडा गेला तर ती एकच संधी वाया जाते.

आणखी एक विचार आधीच करा. तारीख एकदा दुरुस्त झाली की ती सगळीकडे लागू होते. लाडकी बहीण योजनेला वयाची मर्यादा ६५ आहे. मावशी आधारप्रमाणे आणखी नऊ वर्षं त्यात बसत होत्या, खऱ्या वयाप्रमाणे तीनच. मी त्यांना हे आधीच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खरं वय आहे ते आहे. दोन ठिकाणी दोन वयं सांगून मला झोप नाही यायची." एकाच बाईला एका दारात ५६ आणि दुसऱ्या दारात ६२ राहता येत नाही, हे घरात बोलून मगच पाऊल टाका.

आमची दुसरी चूक

पहिल्या दिवशी मीच मावशींना म्हणाले होते, "आत्ता साध्या दराने ठेव करून टाका, वयाचं नंतर बघू." नशीब, मावशींनी ऐकलं नाही. कारण ठेव ज्या दराने केली तोच दर मुदत संपेपर्यंत चालतो. वय नंतर सिद्ध केलं म्हणून बँक सहसा मागचं व्याज वाढवून देत नाही. मध्येच मोडून नवीन ठेव करायची तर मुदतीपूर्वी मोडल्याचा दंड कापला जातो. म्हणून आधी जन्मतारीख दुरुस्त, मग मोठ्या मुदतीची ठेव. तोवर पैसे बचत खात्यात ठेवा किंवा महिन्या-दीड महिन्याची छोटी ठेव करा.

असंच नावांच्या क्रमाचं आहे. ठेव मुलासोबत जोडीने करायची असेल, तर पहिलं नाव मावशींचं हवं. मुलाचं नाव पहिलं टाकलं तर दर मुलाच्या वयाने लागतो. वारसनोंद मात्र करायला विसरू नका.

अर्ज असा लिहा

आम्ही दिलेला अर्ज खाली देते आहे. दोन प्रती करा. एक बँकेला द्या, दुसरीवर 'मिळाला' असा शिक्का, तारीख आणि सही घ्या.

> प्रति, मा. शाखाधिकारी, ………… बँक, शाखा …………
>
> विषय: ग्राहक नोंदीतील जन्मतारीख दुरुस्त करून ज्येष्ठ नागरिक व्याजदर मिळणेबाबत.
>
> महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ………… आहे. बँकेच्या नोंदीत माझी जन्मतारीख ………… अशी आहे. शाळेच्या जनरल रजिस्टर क्र. ………… नुसार माझी जन्मतारीख ………… आहे. दाखल्यावर माझे लग्नापूर्वीचे नाव ………… असे आहे व लग्नानंतरचे नाव ………… असे आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. कृपया जन्मतारीख दुरुस्त करावी व मी करणार असलेल्या रु. ………… च्या मुदत ठेवीस ज्येष्ठ नागरिकांचा दर लावावा. अर्ज मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे.
>
> सोबत: १) ओळखपत्र २) शाळा सोडल्याचा दाखला व रजिस्टरचा उतारा ३) विवाह नोंदणी प्रमाणपत्र / राजपत्र. मूळ कागद पडताळणीसाठी आणले आहेत.
>
> आपली विश्वासू, (सही / अंगठा)

शेवटची ओळ, 'कारण लेखी कळवावे', गाळू नका. तोंडी "होत नाही" म्हणणं सोपं असतं, पण कागदावर लिहायचं म्हटलं की शाखेतही नीट बघितलं जातं. मूळ दाखला कोणाच्या हातात ठेवून येऊ नका. दाखवायचा, पडताळून घ्यायचा, परत पिशवीत टाकायचा.

राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत. १४४४८ या नंबरवर विचारपूसही होते. शिक्का मारलेली अर्जाची प्रत तेव्हा लागते. पतसंस्थेतल्या ठेवीसाठी मात्र हा रस्ता नाही, तिथे सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात जावं लागतं.

मावशींचं काय झालं?

शाळेचा उतारा एका फेरीत मिळाला. विवाह नोंदणीला तीन आठवडे गेले, कारण साक्षीदारांपैकी एक दीर ऊसतोडीला गेले होते. शाखाधिकाऱ्यांनी तिन्ही कागद बघितले, अर्ज वरच्या कार्यालयात पाठवला आणि बारा दिवसांनी बँक सखीने फोन केला की तारीख बदलली. ठेव करायला आम्ही दोघी गेलो. पावती हातात आल्यावर मावशींनी ती माझ्याकडे दिली, "वाच गं." मी तीन गोष्टी वाचून दाखवल्या: नाव, दर ७.५० टक्के, वारस. तुम्हीही पावती घेतली की काउंटरवरून हलायच्या आधी या तीन गोष्टी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर बँक सखीकडून वाचून घ्या.

पुढच्या गट बैठकीत एक काम करा. पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येक सदस्याने आपला दाखला, आधार आणि पासबुक सोबत आणावं. तिन्हींवरची नावं आणि तारखा सचिवाने वहीत एका ओळीत लिहाव्यात. ज्यांच्या जुळत नाहीत त्यांनी जोडणारा कागद आत्ताच काढायला घ्यावा. साठी भरण्याआधी कागद तयार असला, की पहिल्याच ठेवीला पूर्ण दर लागतो.

– तुमची क्षेत्र समन्वयक